परत आलेली टोपली

(दृश्य: ओसरीवर कुरियरचा उघडलेला खोका, त्यातून बाहेर काढलेली बांबूची टोपली)

ही टोपली मे महिन्यात कुडाळ तालुक्यातल्या या घरातून मुंबईला गेली आणि जुलै संपता संपता परत आली. धुवायच्या कपड्यांची टोपली आहे, दीड फूट उंच, दोन बाजूंना दोन कड्या, सगळी माणग्याच्या बांबूची. सोबत तक्रार होती. फोटोत हिरवी दिसली ती आता पिवळी पडलीय, तळाला काळे डाग आलेत आणि एक कडी निसटलीय, म्हणजे जुना माल पाठवला असं गिऱ्हाइकाचं म्हणणं.

माल जुना नव्हता. काकींनी ती एप्रिलमध्येच विणलेली, मी स्वतः फोटो काढलेले. लिस्टिंगही मीच लिहिली होती, "नैसर्गिक, मजबूत, टिकाऊ" एवढंच. ज्याच्या घरात ती टोपली जाणार त्याला या तीन शब्दांवरून काहीच कळत नाही, रंग बदलणार का, वजन किती घालायचं, बाथरूममध्ये ठेवायची का. तेव्हा ठरवलं की हीच लिस्टिंग परत लिहायची, पण या वेळी काकींच्या शेजारी बसून.

(दृश्य: घरामागचं माणग्याचं बेट)

माणगा म्हणजे कोकणातला बिनकाट्याचा, सरळ वाढणारा बांबू, आणि बुंध्याकडे जवळजवळ भरीव. आतली पोकळी कमी म्हणून कांब जाड निघते, म्हणूनच टोपलीच्या उभ्या कांबी आणि कड्या याच्या करतात.

काकी दसऱ्यानंतर ते फेब्रुवारीपर्यंतच तोडतात, आणि तीन वर्षांच्या पुढचाच बांबू घेतात. पावसाळ्यात बेट नवे कोंब काढतं त्यात साठवलेलं पिठूळ सत्त्व बरंचसं खर्च होतं, ते जेवढं कमी तेवढा बांबू पोखरणारा भुंगा कमी लागतो. कोवळा बांबू कसा ओळखायचा? अंगावर पांढरी भुकटी असते, पेरांना साल चिकटलेली असते. जून झाला की भुकटी जाते, अंगावर करडे-पांढरे ठिपके येतात आणि कोयतीच्या पाठीने ठोकलं तर आवाज टणक येतो. कोवळ्या बांबूची टोपली पहिल्या दिवशी अगदी छान दिसते हो, पण महिन्या-दोन महिन्यांत पट्ट्या वाळून अरुंद होतात आणि विणीत फटी पडतात.

(दृश्य: काकी कांब उभी चिरतायत, हाताचा क्लोजअप)

आता इथे नीट बघा. एकच कांब, तिचे उभे दोन पदर केले. बाहेरचा पदर पाठीचा, हिरवट, तुकतुकीत, नख लावलं तर ओरखडा उठत नाही. आतला पोटाचा, पांढुरका आणि मऊ. बांबूचे तंतू पाठीकडे दाट असतात, पोटाकडे विरळ, म्हणून ताकद सगळी पाठीत. आणि पिठूळ भाग पोटात जास्त म्हणून भुंगाही तिथूनच शिरतो. टोपलीखाली बारीक पीठ सांडलेलं दिसलं की समजायचं, लागला.

रंगाचं कोडंही इथेच सुटतं. पाठीची पट्टी आणि पोटाची पट्टी एकाच टोपलीत आली की दोन रंग दिसणारच, त्यात एक बांबू सावलीतला, दुसरा उन्हातला असला की तिसरा. पण खरा घोळ दुसराच आहे, रंग एका जागी थांबत नाही. ताज्या पाठीचा हिरवेपणा काही आठवड्यांत उतरतो, टोपली गवती पिवळी होते आणि वर्षानुवर्षांनी मधासारखी तपकिरी. खिडकीजवळ ठेवली तर उन्हाकडची बाजू आधी बदलते. "रंगात थोडा फरक असू शकतो" हे वाक्य सगळेच टाकतात, मीही टाकलं असतं, पण त्यावरून वाचणाऱ्याला वाटतं की दुकानातल्या दोन टोपल्यांत फरक असेल. आपलीच टोपली तीन महिन्यांनी वेगळी दिसेल हे त्यातून कळत नाही. मी विणल्या दिवशीचा हिरवागार फोटो टाकला होता, चूक तिथेच झाली. आता तीन फोटो टाकायचे ठरलंय, ताज्या टोपलीचा, तीन महिन्यांनंतरचा आणि घरात वापरलेल्या जुन्या टोपलीचा.

(दृश्य: टोपलीवरून ओढणी फिरवताना)

फिनिशिंगचं काकींचं माप एकदम सोपं. जुनी जॉर्जेटची ओढणी घ्यायची आणि टोपलीच्या आतून-बाहेरून फिरवायची, जिथे अडकली तिथे कूस आहे, म्हणजे वर आलेलं बारीक टोक. कपड्यांची टोपली असल्यामुळे हे फार महत्त्वाचं, एक कूस राहिली तर साडीचा धागा ओढला जाणार. कूस काढायला आधी ज्योत भरभर फिरवून बारीक केसर जाळतात, एका जागी थांबली तर पट्टी काळी पडते, मग १२० नंबरचा पॉलिश पेपर आणि शेवटी २२० चा. काठाच्या आतली बाजू आणि कडीचं बूड या दोन जागी हमखास कूस राहते, कारण तिथे हात नीट पोचत नाही.

मग वार्निश लावायचं का? मला वाटायचं की लावलंच पाहिजे, चकाकी येते, फोटो छान येतो. काकी म्हणाल्या, "ओल्या बांबूक रंग मारलंस तर तो आतसून कुजतलो." आणि ते खरंय, आत ओल असताना वरून बंद केलं की ती बाहेर पडू शकत नाही आणि बुरशी वार्निशच्या खालून येते, पुसूनही जात नाही. म्हणून विणलेली टोपली सावलीत वाऱ्यावर ठेवायची आणि रोज वजन करायचं. या टोपलीचं वजन सहा दिवस उतरत होतं, मग दोन दिवस काटा जागचा हलला नाही, तेव्हा पातळ एक हात मारला. पाठीच्या गुळगुळीत सालीवर वार्निश नीट धरत नाही, पोटाची बाजू मात्र पिऊन घेते, म्हणून चकाकी एकसारखी येत नाही. हेही लिस्टिंगमध्ये लिहायचं, नाहीतर ते डाग वाटतात. आणि हां, सूप, रोवळी असल्या खाण्याच्या वस्तूंना वार्निश नाहीच.

(दृश्य: वाशाला टांगलेली टोपली, आत तांदळाच्या पिशव्या)

आता वजन. आधी "मजबूत" लिहिलं होतं, म्हणजे किती? आम्ही टोपली दोन्ही कड्यांना दोरी बांधून वाशाला टांगली आणि आत पाच-पाच किलोच्या तांदळाच्या पिशव्या ठेवल्या. पाच किलो घालून एक दिवस ठेवली, काही झालं नाही. दहा किलोला तळ किंचित खाली झुकला, वजन काढल्यावर परत वर आला. पंधरा किलोला तळ टिकला, विण टिकली, पण संध्याकाळपर्यंत कडीची बांधणी अर्धं बोट वर सरकली.

म्हणजे टोपली मधून तुटत नाही, ती कडीपाशी हरते. बाकी विणीवर वजन पसरतं, शंभरेक पट्ट्या मिळून ते उचलतात, पण कडीपाशी सगळा भार त्या चार जागांवर येतो. त्यात उचलताना आपण हिसका देतो, टांगून ठेवलेल्या वजनापेक्षा तो झटका जास्त त्रास देतो. म्हणून पंधराला सरकली तर दहा लिहायचं नाही, एक तृतीयांश धरायचं, पाच किलो.

मग घरातलेच कपडे त्यात भरून बघितले. काठोकाठ कोरडे कपडे साडेचार किलो भरले, म्हणजे मापात बसले. तेच कपडे हाताने पिळून ओले घातले तर साडेआठ. मुंबईतल्या टोपलीची कडी का निसटली ते तिथेच कळलं, आणि तळाचे काळे डागही त्याच कारणाने आलेले.

(दृश्य: परत आलेल्या टोपलीचा तळ, काळे ठिपके अगदी जवळून)

ही बुरशी. जुलैची हवा, बंद बाथरूम, फरशीला टेकलेला तळ आणि वरून ओले टॉवेल. बांबू ओल ओढतो आणि सोडतो, वारा असेल तर काही बिघडत नाही, पण सोडायला वावच मिळाला नाही तर दोन-तीन आठवड्यांत ठिपके दिसायला लागतात. कडीची बांधणीही याच ओलीने सैल होते.

इथे वेताचं एक सांगते, कारण लोक बांबू आणि वेत एकच समजतात. बांबू गवताच्या जातीचा, वेत ताडामाडाच्या कुळातली वेल, आतून पूर्ण भरीव आणि लवचिक. बांबूची पट्टी कडक वाकवली तर कडेला तडकते, वेताची चीर गोल गुंडाळता येते. ती भिजवून ओली असताना आवळून गुंडाळायची, वाळली की आणखी आवळते. म्हणून आता कड्यांची बांधणी वेताने करायचं ठरलं. किंमत थोडी वाढली, वाढू दे. पण टोपली बांबूची आणि बांधणीच फक्त वेताची, हे लिस्टिंगमध्ये स्पष्ट पाहिजे.

भुंग्यासाठी पट्ट्या विणायच्या आधी भिजत घालतात, १०० लिटर पाण्यात ३ किलो टाकणखार आणि २ किलो बोरिक पावडर, तीन-चार दिवस. हे मीठ बांबूत बसतं पण पाण्यात परत विरघळतं, म्हणून अशी टोपली नळाखाली धरून धुवायची नाही, आणि तिच्यात खायचं काही उघडं ठेवायचं नाही.

ठिपके आलेच तर? बाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडायचे, मग पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पिळलेल्या फडक्याने पुसायचं आणि वाऱ्यावर सावलीत वाळवायचं. भर दुपारच्या उन्हात नको, एका बाजूने पटकन वाळली की पट्ट्या चिरतात. नागपूर-अकोल्याकडे उलटं होतं, उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की विण सैल पडते, तिथे आठवड्यातून एकदा ओलसर फडकं फिरवलं तरी पुरतं.

(दृश्य: मोबाइलच्या स्क्रीनवर नवीन लिस्टिंग, निवेदिका वाचते)

"माणगा बांबूची कपड्यांची टोपली, कड्यांची बांधणी वेताची. फक्त कोरडे कपडे ठेवा. कड्यांनी उचलताना पाच किलोपर्यंत. सुरुवातीला हिरवट असेल, काही आठवड्यांत पिवळी आणि पुढे तपकिरी होईल, तिन्ही फोटो बघा. एकाच टोपलीत दोन-तीन छटा असतात, चकाकी सगळीकडे सारखी नसते. पातळ वार्निश आहे, तरी पाण्याने धुवू नका, ओल्या फरशीवर ठेवू नका, भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा रिकामी करून वाऱ्यावर ठेवा."

परत आलेल्या टोपलीची कडी काकींनी काढली, वेताने नवी बांधली, तळ पुसून वाळवला. ती आता त्यांच्या पडवीत आहे, कांदे ठेवलेत त्यात... नाही, उघडे नाहीत, पोत्यातच आहेत. लिस्टिंगमधला तिसरा फोटो तिचाच. रंग मधासारखा व्हायला अजून वेळ आहे म्हणून खाली महिना लिहिलाय, आणि दर सहा महिन्यांनी तो फोटो बदलायचा.