मागे की पुढे? : 'हे की ते' व्हिडिओची संहिता

आज एकच संहिता हातात घेऊ या. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, दोन पर्याय, आणि बघणाऱ्याने खाली आपलं मत लिहावं एवढी अपेक्षा. विषय घेऊ: एका दिवसासाठी भूतकाळात जायचं की भविष्यात?

पहिला खर्डा बहुतेक जण असा लिहितात: "तुम्हाला संधी मिळाली तर भूतकाळात जाल की भविष्यात? कमेंटमध्ये सांगा!" यावर उत्तरं येतात, पण "भविष्य", "भूतकाळ" अशी एका शब्दाची, आणि त्यांना कुणी प्रत्युत्तर देत नाही. उरलेले विचारतात, "मागे जाऊन चूक सुधारता येईल का?" किंवा "पुढे जाऊन शेअरचे भाव बघून येऊ का?" या प्रश्नांकडे नीट बघा. प्रश्नाला कुठे भोक आहे ते प्रेक्षकच दाखवून देतोय. एका पर्यायातून फुकटचा फायदा निघत असेल, तर निवड उरत नाही. शहाणा माणूस फायद्याकडेच जाणार.

म्हणून माझं सगळं लक्ष अटींवर असतं. दोन्ही बाजूंना काहीतरी हवंहवंसं द्यायचं आणि दोन्ही बाजूंना काहीतरी गमवायला लावायचं. सुधारलेली संहिता अशी:

"एक दिवस मिळणार आहे. होऊन गेलेला एखादा दिवस पुन्हा जगायचा, की दहा वर्षांनंतरचा एक दिवस बघून यायचा? मागे गेलात तर काहीच बदलता येणार नाही. घडलं तसंच घडणार. पुढे गेलात तर जे दिसेल ते कुणाला सांगता येणार नाही, त्याचा फायदाही घेता येणार नाही. मागे की पुढे? मागे, तर कोणता दिवस? पुढे, तर आधी कोणाला शोधाल?"

आता भोकं बुजली. मागे जाणाऱ्याला गेलेलं माणूस भेटतं, पण त्याला नवं काही सांगता येत नाही. पुढे जाणाऱ्याला कळतं, पण ते एकट्याने मनात ठेवावं लागतं. इथे माणूस अडतो, आणि अडला की लिहितो.

सुरुवात कशी केली तेही बघा. "नमस्कार मित्रांनो, आज एक मजेशीर प्रश्न" हे सगळं काढून टाकलंय. पहिलं वाक्यच देणं आहे: एक दिवस मिळणार आहे. दोन्ही अटींची वाक्यं साधारण सारख्या लांबीची ठेवली, कारण एका पर्यायावर जास्त वेळ बोललात की तुमचा कल कळतो. आवाजाचंही तसंच. रेकॉर्डिंग डोळे मिटून ऐका. "मागे" म्हणताना आवाज हळवा आणि "पुढे" म्हणताना कोरडा झाला असेल, तर तो भाग पुन्हा बोला. स्वतःची निवड व्हिडिओत सांगूच नका.

शेवटच्या दोन प्रश्नांवर मी फार भर देतो. नुसतं "मागे की पुढे?" विचारलं तर मत मिळतं, "कोणता दिवस?" विचारलं की गोष्ट मिळते, आणि गोष्टीलाच दुसरा माणूस उत्तर देतो. स्टोरीतल्या पोलमध्ये नेमकं हेच हातून जातं. इन्स्टाग्रामने पोलचं स्टिकर 2017 मध्ये आणलं; त्यात बोट टेकवलं की मत नोंदवून माणूस मोकळा. आकडा कळतो, कारण कळत नाही. मतांची मोजणीच हवी असेल तर ते उत्तम आहे, पण कमेंट हव्या असतील तर ती सोय त्यांच्या आड येते.

एक धोका सांगायलाच हवा. "मागेसाठी लाइक, पुढेसाठी शेअर" ही युक्ती वापरू नका. असं मतदान करायला लावणाऱ्या पोस्ट मागे ढकलणार असल्याचं फेसबुकने डिसेंबर 2017 मध्ये जाहीर केलं होतं. माझा आक्षेप त्याहून साधा आहे: लाइक देणारा विचार करत नाही, फक्त बटण दाबतो.

टाकण्याआधी प्रश्न चार-पाच जणांना तोंडी विचारा आणि गप्प बसा. सगळ्यांनी पटकन एकच बाजू घेतली, तर दुसऱ्या बाजूची अट जड झालीय; ती थोडी सैल करा. आपल्या उदाहरणात सगळे मागेच जायला लागले, तर पुढच्या प्रवाशाला दिसलेलं एका माणसाला सांगायची मुभा द्या. कुणी "दोन्ही" म्हणालं, तर पर्याय एकमेकांना छेद देत नाहीत. आणि कुणी उत्तर देण्याआधी थांबून वर बघितलं, तर प्रश्न तयार आहे.

व्हिडिओ गेल्यावर पहिल्या तासात हजर राहा. "मागे, आजीसोबतचा शेवटचा दिवस" असं कुणी लिहिलं, तर हृदयाचं चिन्ह टाकून पुढे जाऊ नका. "घडलं तसंच घडणार असेल, तरी तोच दिवस निवडाल?" असं विचारा. तो उत्तर देतोच, आणि वाचणारे इतरही त्यात पडतात.