ट्रक परत का पाठवला?

मंडळी, तुमच्यापैकी बरेच जण शेतकरी उत्पादक कंपन्यांचा पत्रव्यवहार सांभाळता. म्हणून आज एकाच ईमेलबद्दल बोलतो. तो मीच लिहिला होता. डिसेंबर महिना, अवकाळी पाऊस झालेला, आणि हिंगणघाटहून कोइम्बतूरच्या एका सूतगिरणीला शंभर गाठी जायच्या होत्या. साठ तयार होत्या. उरलेल्या चाळीस गाठींचा कापूस ओला होता, जिनिंगला चढवता येईना.

मी गिरणीला लिहिलं की तुमच्यासाठी माल 'पुट असाइड' केला आहे, प्रेसिंग 'होल्ड ऑफ' केलं आहे, ट्रक 'पुश्ड बॅक' झाला आहे, तरी साठ गाठींवर 'गो अहेड' करायचं की थांबायचं, ते 'गेट बॅक' करून कळवा. हे सगळं एकाच लांबलचक वाक्यात. चूक एकही नव्हती, इंग्रजी अगदी शुद्ध होतं.

तासाभरात तिकडच्या खरेदी अधिकाऱ्यांचा फोन आला. "ट्रक परत का पाठवला? आणि माल बाजूला का काढला, खराब आहे का?" ते तमिळ बोलणारे, इंग्रजी शाळेत शिकलेले, माझ्यासारखेच. 'पुश' म्हणजे ढकलणे, 'बॅक' म्हणजे मागे, हे त्यांना नीट ठाऊक होतं. दोन्ही जोडून 'तारीख पुढे गेली' असा अर्थ होतो, हे कळायला मार्गच नव्हता. गिरणीत गाठ बाजूला काढतात ती नापास झाली की. त्यांनी बरोबर वाचलं होतं. माझं लिहिणं चुकलं होतं.

आपल्याच भाषेत पाहा. 'बघतो' म्हटलं तर प्रयत्न करतो. 'बघून घेतो' म्हटलं तर भांडण. परक्या माणसाने 'बघणे' आणि 'घेणे' दोन्ही शब्द शोधले, तरी धमकी त्याच्या हाती लागणार नाही. इंग्रजीतल्या या जोडक्रियापदांचं तसंच आहे. शिवाय तिथे जोडी फुटते. 'पुट द लोडिंग ऑफ' असं लिहिलं, की वाचणारा 'पुट'पाशीच थांबतो आणि 'ऑफ' त्याच्या नजरेतून निसटतो.

आपल्याला शिकवलेलं असतं की छोटे शब्द सोपे. इथे ते लागू पडत नाही. 1930 मध्ये सी. के. ऑग्डेन यांनी परदेशी लोकांसाठी 850 शब्दांचं 'बेसिक इंग्लिश' मांडलं. क्रियापदं जेमतेम अठरा ठेवली. शब्द कमी झाले खरे, पण बाकीच्या कामांसाठी 'पुट', 'गेट', 'गिव्ह' यांना शेपट्या जोडाव्या लागल्या, आणि शिकणाऱ्यावर त्या जोड्या पाठ करायची वेळ आली. 'पुट ऑफ'पेक्षा 'पोस्टपोन' लांब आहे, पण त्याचा अर्थ एकच. परीक्षेच्या सूचनेत, कोर्टाच्या तारखेत आपण तो ऐकलेला असतो.

फोन ठेवला आणि तोच ईमेल पुन्हा लिहिला. आधी क्रियापदं बदलली. 'पुट असाइड'च्या जागी 'रिझर्व्ह', 'गेट बॅक'च्या जागी 'रिप्लाय'. मग वाक्य तोडलं. साठ गाठी तयार आहेत. चाळीस तयार नाहीत, कारण पावसाने कापूस ओला आहे. ट्रक गुरुवारी, 12 डिसेंबरला निघणार नाही. सोमवारी, 16 डिसेंबरला निघेल. 'वीकेंडनंतर' असं मोघम लिहिण्यापेक्षा वार आणि तारीख दोन्ही दिल्या. 'अनलेस' काढून टाकला. त्यात नकार लपलेला असतो, घाईत वाचणारा उलटा अर्थ घेतो.

शेवटी प्रश्न वेगळा काढला. 'ए': साठ गाठी लगेच दुसऱ्या, लहान गाडीने पाठवू. 'बी': शंभरही सोमवारी पाठवू. कृपया बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत 'ए' किंवा 'बी' कळवा.

मात्र वाक्यं तोडताना मी एका ठिकाणी थांबलो. 'कारण' तोडलं नाही. "कापूस ओला आहे. चाळीस गाठी तयार नाहीत." असं लिहिलं असतं, तर ओला कापूस याच गाठींचा की सगळ्या मालाचा, हे त्यांना ताडावं लागलं असतं. म्हणून 'बिकॉज' आणि 'इफ' राहू द्या. एका वाक्यात एक गोष्ट आणि फार तर तिचं कारण. शब्द वीसच्या वर गेले, की मी वाक्य पुन्हा पाहतो. 'प्लीज'ही राहू द्या. ते काढलं की छोटं वाक्य हुकूम वाटतं.

ईमेल समजला नाही हे कसं ओळखायचं? समोरचा दर वेळी फोन करत नाही. तुम्ही दोनपैकी एक निवडायला सांगता आणि उत्तर येतं, "नोटेड, थँक यू." अशा वेळी समाधान मानू नका, प्रश्न तेवढाच पुन्हा पाठवा. आणि धाडण्याआधी शेजारच्या टेबलावरच्या कुणाला वाचायला देऊन विचारा, "भाऊ, यात तुला काय करायला सांगितलंय?" त्याने मराठीत सांगितलेलं तुमच्या मनातल्याशी जुळलं नाही, तर जिथे तो अडखळला तेवढंच वाक्य बदला.

त्या दुसऱ्या ईमेलला अर्ध्या तासात उत्तर आलं. त्यात एकच ओळ होती. 'बी', शंभर गाठी, सोमवार, 16 डिसेंबर.