हातात पडलं तेव्हाचा भाव

आवाज मागपर्यंत येतोय ना? बरं. तर स्टेकिंग काय, एअरड्रॉप काय, ते इथे सगळ्यांना माहितीये, त्यामुळे थेट करासाठी ठेवायच्या हिशेबाच्या वहीवर येतो. बोलायचं ठरलंय ते एअरड्रॉपवर, पण आधी जरा स्टेकिंगचं गाऱ्हाणं ऐकून घ्या, माझा जीव तिथे अडकलाय.

माझ्या एका मित्राला त्याच्या प्लॅटफॉर्मने वर्षअखेरीस फाइल पाठवली. रिवॉर्डची अख्ख्या वर्षाची बेरीज एका ओळीत आणि पुढे किंमत, ती पण ३१ डिसेंबरच्या भावाने! अरे, वर्षभर थेंबथेंब आलेला माल शेवटच्या दिवशीच्या भावाने कसा मोजता? बऱ्याच देशांत नियम असा आहे की नाणं तुमच्या ताब्यात आलं, म्हणजे विकता किंवा पाठवता यायला लागलं, त्या वेळचा बाजारभाव हे तुमचं उत्पन्न. अमेरिकेच्या कर खात्याने २०२३ मध्ये स्टेकिंगबद्दल हेच लिहून दिलं. काही ठिकाणी विकल्यावरच कर लागतो, तुमच्याकडचा नियम तुम्ही बघा, पण नोंद तेव्हाच्या तेव्हाच करा, कारण तो आकडा दोनदा लागतो.

दोनदा कसा? समजा कॉसमॉसचे ४ अॅटम क्लेम केले, भाव १० डॉलर, उत्पन्न ४०. पुढे भाव ६ वर आला आणि विकले, हातात २४. खरेदी किंमत ४० धरली तर १६ चा तोटा. आता हा ४० चा आकडा लिहिलेलाच नसेल तर सॉफ्टवेअर खरेदी किंमत शून्य धरतं आणि २४ नफा दाखवतं. म्हणजे कर ४० वर पण आणि २४ वर पण, आले मात्र फक्त २४. (हसू नका, तुमच्यापैकी कुणाकुणाचं असं झालंय ते चेहऱ्यावर दिसतंय.)

बरं, माझा मित्र शहाणा, म्हणाला मी प्रत्येक क्लेम लिहितो. तरी वॉलेटमध्ये वहीपेक्षा ३ अॅटम जास्त! आता जास्त निघाले की कुणी शोधत बसत नाही, कमी निघाले की घर डोक्यावर घेतात. पण हा शोधत बसला, आणि सापडलं काय, तर मध्येच त्याने त्याच व्हॅलिडेटरकडे आणखी १०० अॅटम लावले होते. कॉसमॉसवर स्टेक वाढवला किंवा काढला की साचलेलं रिवॉर्ड त्याच व्यवहारात आपोआप वॉलेटमध्ये येतं, क्लेमचं बटण न दाबता. यादीत दिसतं फक्त `MsgDelegate`, त्यामुळे बरेच एक्सपोर्ट ते गाळतात. एक्सप्लोररवर तो व्यवहार उघडून खाली इव्हेंट बघायचे, तिथे असं काहीतरी असतं:

```
withdraw_rewards
amount: 3000000uatom
```

दहा लाख `uatom` म्हणजे एक अॅटम, म्हणजे हे झाले ३. म्हणून माझा हट्ट असा की दर महिन्याला वहीतली शिल्लक आणि वॉलेटमधली शिल्लक ताडून बघायची, फी वजा करून. फरक आला की स्टेक हलवलेले दिवस आधी उघडायचे. सोलानावाल्यांनी तर जास्तच जपायचं, तिथे रिवॉर्ड साधारण दोन-दोन दिवसांच्या इपॉकअखेर थेट स्टेक खात्यात जमा होतं आणि नेहमीच्या व्यवहारांच्या यादीत येतच नाही.

किती? दहा मिनिटं? मला वाटलं वीस आहेत. मग एअरड्रॉप पळवतो.

युनिस्वॅपचं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२० मध्ये आधी वापर केलेल्या पत्त्यांना ४०० युनी मिळाले, पण स्वतः क्लेम करावे लागायचे. कुणी त्याच दिवशी घेतले, तेव्हा भाव थोडे डॉलर. कुणी मे २०२१ च्या सुरुवातीला घेतले, तेव्हा चाळिशीच्या वर. तेच ४०० युनी, उत्पन्न कितीतरी पट. क्लेम करता यायला लागलं तो दिवस धरायचा की केलं तो, यावर वाद आहे, म्हणून दोन्ही तारखा आणि दोन्ही भाव लिहा, सल्लागाराने एक निवडला की दरवर्षी तोच धरा.

पहिल्या तासात भाव माकडासारखा उड्या मारतो, तर त्या तासाचा भाव कुठून घेतला ते शेजारी लिहा, स्क्रीनशॉट काढा, छोट्या टोकनचा जुना भाव नंतर मिळेलच असं नाही. व्यवहाराचा हॅश लिहा. वेळ यूटीसीत असते, तर वर्षाच्या शेवटच्या रात्री आलेलं टोकन तुमच्या घड्याळाने कुठल्या वर्षात पडतं ते बघा.

आणि न मागता आलेली कचरा टोकनं, ज्यांना गिऱ्हाईकच नाही? स्क्रीनवर भाव लाखांत दिसला तरी विकता येत नसेल तर तो भाव खरा नाही. "विक्री शक्य नाही, पूलमध्ये पैसे नाहीत" असं तारखेसकट लिहून ठेवा. आणि विकता येतंय का ते बघायला त्यांच्या साइटवर वॉलेट जोडू नका, तिथे पाकीट रिकामं होऊ शकतं. हां, प्रश्न घ्या, मागचे तुम्ही.