तेरचे थापटणे आणि औंढ्याची पिंड

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव आहे. संत गोरोबाकाकांची समाधी याच गावात आहे. आव्यातून निघालेले मडके भाजले की नाही, हे कुंभार बोटाने टिचकी मारून पाहतो. पक्के मडके खणखणीत वाजते आणि कच्च्याचा आवाज बद्द येतो. मोक्षाच्या तीन मार्गांची ओळख आपण या परीक्षेपासून करून घेऊ.

वारकरी परंपरेत सांगतात की गोरोबाकाकांच्या घरी एकदा संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईंनी कोपऱ्यातले थापटणे पाहून हे कशासाठी असते, असे विचारले. मडके कच्चे की पक्के ते यावरून कळते, असे काका म्हणाले. मग मुक्ताबाईंच्याच सांगण्यावरून त्यांनी एकेका संताच्या डोक्यावर ते थापटणे मारायला सुरुवात केली. सारे शांत बसून राहिले, पण नामदेवांना तो अपमान वाटला आणि ते रागावले. तेव्हा काकांनी निर्णय दिला की एवढे एकच मडके कच्चे आहे.

नवख्या श्रोत्याला इथे प्रश्न पडतो. प्रत्यक्ष विठ्ठल ज्यांच्याशी बोलतो, त्या नामदेवांच्या भक्तीत उणीव ती कोणती? उत्तरासाठी वेदान्ताने सांगितलेले अंतःकरणाचे तीन दोष पाहावे लागतात. पहिला मल, म्हणजे वासनांचा आणि स्वार्थाचा मळ. दुसरा विक्षेप, म्हणजे मनाचे सतत भरकटणे. तिसरा आवरण, म्हणजे आपले खरे स्वरूप झाकणारे अज्ञान. फळाची आस सोडून केलेल्या कर्माने मळ धुतला जातो, उपासनेने मन एका ठिकाणी ठरते आणि आवरण मात्र ज्ञानानेच दूर होते, अशी ही मांडणी आहे. नामदेवांचे मन विठ्ठलापाशी पूर्ण ठरलेले होते. पण देव पंढरपुरात आहे आणि मी त्याचा लाडका आहे, हा भेद उरला होता. थापटण्याचा घाव नेमका त्या ‘मी’वर बसला.

पुढची कथा हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला घडते. विठ्ठलाच्या सांगण्यावरून नामदेव तिथे विसोबा खेचरांकडे गेले, तर विसोबा शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी हरकत घेतली. विसोबा म्हणाले, जिथे पिंड नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय जिकडे जिकडे ठेवले, तिकडे तिकडे पिंड उमटली. देव नाही अशी जागाच नाही, हे त्यांना कोणी युक्तिवादाने पटवले नाही. त्यांच्या हातात विसोबांचे पाय होते आणि ते ठेवायला जागा उरली नव्हती. ज्ञानमार्गात ज्ञान म्हणतात ते या प्रत्ययाला. पुष्कळ ग्रंथ वाचूनही हा प्रत्यय नसेल तर ती केवळ माहिती ठरते, आणि माहितीचा अहंकार होण्याचा धोका या वाटेवर सर्वांत मोठा असतो.

मग भक्ती ही केवळ ज्ञानाची पायरी समजायची काय? इथे आचार्यांमध्येच मतभेद आहेत आणि ते लपवू नयेत. शंकराचार्यांच्या मते कर्म चित्त शुद्ध करते, पण मोक्ष ज्ञानानेच मिळतो. रामानुजाचार्यांच्या मते कर्म आणि ज्ञान ही भक्तीची अंगे आहेत. गीतेच्या बाराव्या अध्यायात अर्जुन हाच प्रश्न विचारतो, तेव्हा श्रीकृष्ण सांगतात की अव्यक्ताची उपासना करणारेही मलाच येऊन मिळतात, परंतु देहधारी माणसाला ती वाट अधिक कष्टाची आहे. नामदेवांनीही औंढ्याहून परतल्यावर कीर्तन सोडले नाही. मला या कथेतली ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

कर्ममार्गाचा अर्थ समजण्यासाठी गंगाखेडच्या जनाबाईंचे जाते पाहावे. त्या नामदेवांच्या घरी दळण दळीत, कांडण कांडीत. पहाटे जात्यात मूठ मूठ दाणे घालताना ओवी म्हणावी, आणि आपल्यासोबत विठ्ठलही खुंट्याला हात लावतो असा त्यांचा भाव. पीठ तर कोणीही दळले तरी पडतेच. फरक पडतो तो ‘हे मी केले’ या भावनेत. कर्मयोग कर्म टाकायला सांगत नाही, त्यावरचा हा हक्क सोडायला सांगतो. हक्क सुटला नाही याची खूणही सोपी आहे: कौतुक झाले नाही की मन खट्टू होते.

पंढरपूरच्या महाद्वारात आज नामदेवांची पायरी आहे. संतांचे पाय आपल्यावरून जावेत म्हणून त्यांनी ती जागा मागून घेतली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. तेरला डोक्यावर थापटणे न सोसलेले नामदेव ते हेच. वारकरी तिथे वाकतो, पायरीला हात लावून तो कपाळी नेतो, आणि मग राउळाकडे वळतो.