माझ्या वाटणीचे पैसे खंय गेले? ग्रुप मेडिक्लेमचा बफर आणि आपण

कुडाळ, मालवण, सावंतवाडी, कणकवली, सगळीकडचे पतसंस्थेतले लोक आज इथे आहेत, त्यामुळे सुरुवातीला एक सांगते, मी विमा एजंट नाही. एका पतसंस्थेत चौदा वर्षं ॲडमिन बघत होते, म्हणजे पगारपत्रक, रजा, आणि दरवर्षी ती ग्रुप मेडिक्लेमची पॉलिसी. हॉस्पिटलातून रात्री अकराला फोन यायचा तो मलाच. आज त्या पॉलिसीतल्या एकाच गोष्टीवर बोलायचंय, कारण तिच्यावरून आमच्या स्टाफमध्ये माणसं एकमेकांशी बोलायची बंद झाली होती आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

झालं असं की आमच्या कॅशिअरच्या बायकोच्या ट्रीटमेंटला सत्तर हजार कमी पडले. तेव्हा एका शिपायाने मला येऊन विचारलं, "ताई, तेंका सगळे पैशे गावले, मगे हेंच्या वाटणीचे खंय गेले?" ‘तेंका’ म्हणजे ज्याच्या बाळाचं बिल आधी पास झालं होतं तो क्लार्क. प्रश्न चुकीचा नव्हता, पण वाटणी कशी असते हेच कोणाला माहीत नव्हतं, आणि ते सांगायचं काम माझं होतं, मी ते आधी केलं नव्हतं.

तर आमची पॉलिसी अशी होती. ६२ कुटुंबं. प्रत्येक कुटुंबाला २ लाखांचा फ्लोटर, म्हणजे नवरा, बायको, मुलं, आईवडील मिळून वर्षाला २ लाख. हे २ लाख फक्त तुमचे. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने कितीही मोठा क्लेम केला तरी तुमच्या या २ लाखांतला एक रुपया कमी होत नाही. हे आधी नीट डोक्यात बसवा, कारण अर्धी भांडणं इथेच सुरू होतात.

याच्यावर आणखी एक रक्कम होती, १० लाख, सगळ्या ६२ कुटुंबांत मिळून एकच. तिला कॉर्पोरेट बफर म्हणतात, कुठे कॉर्पोरेट फ्लोटर पण लिहिलेलं असतं. एखाद्या कुटुंबाचे स्वतःचे २ लाख संपले की पुढचा खर्च या बफरमधून. आमच्याकडे एका कुटुंबाला बफरमधून जास्तीत जास्त ५ लाख अशी अट होती. तुमच्याकडे कदाचित वेगळी असेल.

मी तेव्हा लोकांना समजावताना गावकीच्या भांड्यांचं उदाहरण द्यायचे. मोठे टोप, पराती गावकीच्या असतात, ज्याच्या घरी लग्न त्याने न्यायच्या, एकाच दिवशी दोन लग्नं आली तर जो आधी सांगेल त्याला. पण एक फरक आहे बघा, टोप लग्न झाल्यावर परत येतात, बफरचे पैसे परत येत नाहीत. वापरले की वापरले, थेट पुढच्या रिन्यूअलपर्यंत.

आता त्या वर्षी काय झालं ते आकड्यांनी सांगते. पॉलिसी १ जुलैला सुरू झाली. ऑगस्टमध्ये एका शाखाधिकाऱ्याची बायपास झाली, कोल्हापूरला. बिल ४ लाख २० हजार. त्यांचे स्वतःचे २ लाख गेले आणि २ लाख २० हजार बफरमधून. बफरमध्ये उरले ७ लाख ८० हजार. नोव्हेंबरमध्ये एका क्लार्कचं बाळ सातव्या महिन्यात झालं, एवढंसं, गोव्याला नवजात मुलांच्या आयसीयूत महिनाभर ठेवलं. बिल साडेसहा लाख. २ लाख कुटुंबाचे, साडेचार बफरचे. उरले ३ लाख ३० हजार. ते बाळ आता शाळेत जातं, त्या साडेचार लाखांबद्दल मला कधीही कोणाकडून वाकडा शब्द ऐकायचा नाहीये.

आणि फेब्रुवारीत कॅशिअरच्या बायकोला स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन आणि केमो मिळून त्या पॉलिसी वर्षात ६ लाख लागले. २ लाख त्यांचे, ४ लाख बफरमधून हवे होते, पाच लाखांच्या अटीतही बसत होते. पण बफरमध्ये होतेच ३ लाख ३० हजार. सत्तर हजार खिशातून गेले, म्हणजे सोनं गहाण टाकून. हाच आजार सप्टेंबरमध्ये निघाला असता तर चारही लाख मिळाले असते, आणि मग बाळाच्या वेळी कमी पडले असते. म्हणजे आजार किती गंभीर, माणूस किती वर्षं नोकरीत, पगार किती, याचा काही संबंध नाही, ज्याचं आधी आलं त्याला आधी. शिपायाच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच की बफरमध्ये कोणाची वाटणी नसतेच. १० लाखांना ६२ ने भागलं तर सोळा हजार येतात, त्यात कोणाचं काय होणार? वाटणी नाही म्हणून तर ते बाळ वाचवायला साडेचार लाख मिळाले.

ही ५ लाखांची अट आहे ना, ती खाली आणली तर काय होतं ते पण बघू, कारण नंतर मीटिंगमध्ये हीच मागणी आली. समजा एका कुटुंबाला अडीच लाखच अशी अट असती. मग बायपासला तेच २ लाख २० हजार, बाळाला साडेचारऐवजी अडीच, कॅशिअरला पण अडीच. बफरमध्ये २ लाख ८० हजार उरले असते, चौथं कोणी आजारी पडलं असतं तर त्याला उपयोग. पण बाळाच्या बापाच्या खिशातून २ लाख गेले असते आणि कॅशिअरच्या खिशातून सत्तर हजाराऐवजी दीड लाख. अट कमी केली की पैसे जास्त घरांत पोचतात पण ज्याच्यावर सगळ्यात मोठं संकट येतं तोच उघडा पडतो. माझं मत विचाराल तर अट ५ लाखच ठेवावी आणि बफर मोठा घ्यावा, पण त्याला प्रीमियम लागतो आणि तो संस्थेने द्यायचा असतो.

आणखी एक, बफर आपोआप मिळत नाही. बऱ्याच पॉलिसीत तो फक्त ठराविक गंभीर आजारांना असतो, कुठे आईवडिलांना लागू नसतो, आणि संस्थेचं पत्र गेल्याशिवाय टीपीए, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम बघणारी कंपनी, त्यातून पैसे सोडत नाही. कॅशलेसची पहिली मंजुरी २ लाखांपर्यंत येते आणि पुढे अडकते, हॉस्पिटल म्हणतं डिपॉझिट भरा, घरच्यांना वाटतं विमा नाकारला. नाकारलेला नसतो, पत्र नसतं. एकदा रविवारी मी मालवणला लग्नात होते, लेटरहेड ऑफिसात कुलपात, तेव्हापासून पत्र सही करायचा अधिकार दोघांना देऊन ठेवला आणि दोघांच्या मोबाईलवर नमुना ठेवला. बिल दीड लाखाच्या वर जाईल असं डॉक्टरने सांगितलं की त्याच दिवशी ऑफिसला कळवा, डिस्चार्जच्या दिवशी नको.

हे झालं त्या वर्षातलं. पण सहकाऱ्याच्या मोठ्या क्लेमचा खरा परिणाम तुमच्यापर्यंत पुढच्या जुलैत येतो, आणि तो कोणाला दिसत नाही कारण तो कागदावर अटी बनून येतो.

ग्रुप पॉलिसी एका वर्षाची. वर्षाच्या मध्ये मोठा क्लेम आला म्हणून चालू वर्षाचा प्रीमियम वाढवत नाहीत. पण रिन्यूअलला कंपनी बघते की प्रीमियम किती घेतला आणि क्लेम किती दिले. आमचा प्रीमियम होता साडेसात लाख. तीन मोठे क्लेम मिळून कंपनीने दिले १६ लाख, बाकी ताप, डेंग्यू, मोतीबिंदू असे पावणेतीन लाख, एकूण १८ लाख ७५ हजार. म्हणजे १०० रुपये घेऊन २५० दिले. कंपनी पुढच्या वर्षी प्रीमियम वाढवणार हे उघड आहे, त्यात कोणी लुबाडत नाहीये.

पण इथे एक जागा आहे जिथे आपण बोलायला पाहिजे. कोटेशन मागवतात तेव्हा वर्ष संपलेलं नसतं, आमचे दहा महिने झाले होते. मग कंपनी काय करते, दहा महिन्यांचे १८ लाख ७५ हजार घेऊन बारा महिन्यांचे करते, साडेबावीस लाख. तापाला, डेंग्यूला हा हिशोब बरोबर आहे, ते दर महिन्याला येत राहतात. पण बायपास आणि महिनाभर आयसीयूतलं बाळ हे काही महिन्याच्या हिशोबाने येत नाहीत. म्हणून आम्ही ब्रोकरला सांगितलं की तीन मोठे क्लेम वेगळे दाखव, ते १६ लाख एकदाच धर, फक्त पावणेतीन लाखांचे बारा महिने कर, म्हणजे ३ लाख ३० हजार. एकूण १९ लाख ३० हजार. एवढ्यानेच ३ लाख २० हजारांचा फरक पडला, आणि बायपासचा माणूस बरा होऊन कामावर आलाय, त्याचा खर्च परत येणार नाही, हे पण लिहून दिलं. कॅन्सरच्या बाबतीत तसं म्हणता येत नव्हतं, ट्रीटमेंट पुढे चालू राहणार होती, ते लपवायचंही नसतं. हे सांगताना नावं द्यायची गरज नाही हां, वय, आजार, रक्कम पुरते. कोणाला काय झालंय याची यादी स्टाफरूममध्ये फिरता कामा नये, आमच्याकडे ती फिरली आणि तिथूनच बोलणी सुरू झाली.

तरीही कोट आलं साडेसोळा लाखांचं, आणि संचालक मंडळ म्हणालं १२ च्या वर जमणार नाही. मग मधले साडेचार लाख कुठून कमी केले? आईवडील पॉलिसीतून काढले. बाकीच्यांच्या प्रत्येक क्लेमला १० टक्के आपण भरायचे असं आलं. बफर १० चा ५ लाख झाला आणि एका कुटुंबाला अडीचची अट. म्हणजे ज्याने वर्षभरात एक रुपयाचा क्लेम केला नाही त्याची सत्तरीची आई उघडी पडली. सहकाऱ्याचा क्लेम तुमच्यापर्यंत पोचतो तो असा. पण हे सहकाऱ्याने केलं नाही, प्रीमियम किती द्यायचा ते संस्थेने ठरवलं आणि काय कापायचं ते आम्ही तिघांनी एका दुपारी बसून ठरवलं, स्टाफला न विचारता. मला विचाराल तर दहाच्या जागी वीस टक्के चालले असते पण आईवडील ठेवायला हवे होते, कारण त्या वयात बाहेर नवी पॉलिसी महाग मिळते आणि आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं.

म्हणून तुमच्या हातात जे आहे ते सांगते. बफर तुमचा आहे असं धरून चालू नका. तुमच्या २ लाखांवर स्वतःचा सुपर टॉप-अप घ्या, त्यात डिडक्टिबल २ लाखांच्या आसपास निवडा. म्हणजे वर्षातले पहिले २ लाख ग्रुप पॉलिसीने दिले की पुढचं तुमचा टॉप-अप उचलतो, बफर भरलेला असो की रिकामा. कॅशिअरकडे हा असता तर ते सत्तर हजार त्यातून आले असते. साधा टॉप-अप नको, सुपर बघून घ्या, कारण साध्यात प्रत्येक ॲडमिशनचे बिल वेगळं २ लाखांच्या वर जावं लागतं आणि केमोत ते होत नाही, दर वेळी तीस-चाळीस हजार असतात. आणि तब्येत चांगली असताना घ्या, निदान झाल्यावर सहसा कोणी देत नाही.

पिग्मी एजंट मागे बसलेत, त्यांचा प्रश्न मघाशी चिठ्ठीत आला. तुम्ही कमिशनवर आहात, पगारपत्रकावर नाही, त्यामुळे बहुतेक ठिकाणी तुम्ही या ६२ मध्ये नसताच. ऑफिसात जाऊन पॉलिसीच्या मेंबर यादीत स्वतःचं नाव बघून या, कोणी तोंडी "आहे" म्हटलं तर त्यावर राहू नका.

आणि बाकीच्यांनी सोमवारी ॲडमिनला जाऊन एवढंच विचारा की बफर आहे का, आज त्यात किती शिल्लक आहे, एका कुटुंबाला किती, आईवडिलांना लागू आहे का. आमच्याकडे आता दर महिन्याच्या १ तारखेला नोटीस बोर्डवर शिल्लक लिहितात, नावं नाही, फक्त आकडा. यावेळी निघताना मी बघितला, ४ लाख १० हजार होते.