तेलाचा भाव किलोवर आणा

नमस्कार श्रोतेहो. मोंढ्यातल्या दुकानात सोयाबीन तेलाचे दोन डबे शेजारी-शेजारी ठेवलेत असं समजा. एक 2040 रुपयांना, दुसरा 2190 रुपयांना. डबे दिसायला जवळपास सारखेच, म्हणून दीडशे रुपये वाचले असं वाटून हात पहिल्याकडे जातो. पण पहिल्यावर 15 लिटर छापलंय आणि दुसऱ्यावर 15 किलो.

तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, त्यामुळे 15 लिटरच्या डब्यात तेल असतं 13 किलो 650 ग्रॅम. 2040 ला 13.65 नं भागा, किलोला 149 रुपये 45 पैसे पडले. 15 किलोचा डबा मात्र 146 रुपये किलोनं पडतो. म्हणजे स्वस्त दिसणारा डबाच किलोमागं साडेतीन रुपयांनी महाग!

म्हणून वहीच्या एका पानावर चार रकाने आखा: तेलाचं नाव, निव्वळ वजन ग्रॅममध्ये, हातात पडलेली किंमत आणि किलोचा भाव. किंमत भागिले ग्रॅम, गुणिले हजार, एवढाच हिशोब, मोबाइलवर होतो. लिटरच्या पाकिटावर ग्रॅमही छापलेले असतात, रकान्यात तोच आकडा घ्या. घाण्यावरचं करडीचं तेल किलोनंच मिळतं, ते तसंच लिहा. मात्र तुलना करडीची करडीशी आणि सोयाबीनची सोयाबीनशीच करायची.

पाकिटांत तर जास्तच फसगत होते. आपण 'एक लिटरचं द्या' म्हणतो आणि हातात 850 ग्रॅमचं पाकीट येतं. ते 128 रुपयांना असेल तर किलोला 150 रुपये 59 पैसे पडतात. 910 ग्रॅमचं खरं लिटरचं पाकीट 135 ला असेल, तर 148 रुपये 35 पैसे. सात रुपये जास्त देऊनही दुसरंच स्वस्त. हे भाव उदाहरणादाखल घेतलेत. तुमच्या पानावर तुमच्या दुकानातले लिहा, आणि वर तारीख टाका, कारण तेलाचा भाव आठवड्यातही हलतो.

कुणी म्हणेल, पाकिटावर ग्रॅमचा भाव छापलेला असतोच की. असतो, पण तो कमाल किरकोळ किमतीवर, म्हणजे एमआरपीवर काढलेला. दुकानदार त्याहून कमी घेत असेल तर तो भाव तुमचा नाही. शिवाय किलोच्या आतल्या पाकिटावर भाव ग्रॅमचा असतो आणि तो दोन दशांशापर्यंतच छापतात. ग्रॅमला एक पैसा म्हणजे किलोला दहा रुपये! 0.15 छापलं असेल, तर खरा भाव किलोला 145 असू शकतो, नाहीतर 154 सुद्धा. आत्ताची दोन्ही पाकिटं याच 0.15 मध्ये बसतात. त्यांच्यातला सव्वादोन रुपयांचा फरक त्या छापील आकड्यात दिसतच नाही.