ब्राह्मी, ॲसिटिलकोलिन आणि तीन महिन्यांचा प्रश्न

(फोंड्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, आधी एक घोळ मिटवू. आपल्या परसात गोल पानांची जी एकपानी पसरते, तिलाही बरेचजण ब्राह्मी म्हणतात. पण ब्राह्मीच्या ज्या द्रव्यांना स्मृतीचं श्रेय देतात, ती बॅकोसाइड तिच्यात नसतात. आज मी बोलतोय ती पाणथळ जागेतली, बारीक मांसल पानांची बाकोपा.

मेंदूत आठवण पक्की होताना ॲसिटिलकोलिन हे पेशींमध्ये निरोप नेणारं रसायन लागतं. एक एन्झाइम ते तयार करतं आणि दुसरं, ॲसिटिलकोलिनएस्टरेज, ते तोडतं. अल्झायमरच्या रुग्णांना देतात ते डोनेपेझिल या तोडणाऱ्यालाच अडवतं. बॅकोसाइडही तेच करतात, शिवाय तयार करणाऱ्याला जोर देतात, असा दावा आहे. आधार मुख्यतः उंदरांचा. विषारी द्रव्य टोचून मेंदूतली ही यंत्रणा बिघडवली आणि मग ब्राह्मीचा अर्क दिला, तेव्हा ॲसिटिलकोलिनची घट काही प्रमाणात भरून आली.

इथवर गोष्ट छान जुळते. मला मात्र वेळेचं गणित खटकतं. एन्झाइम अडवणं हे काही तासांचं काम. मग परिणाम पहिल्याच दिवशी थोडातरी दिसायला हवा. 2001 साली ऑस्ट्रेलियात निरोगी माणसांना 300 मिलिग्रॅमचा एकच डोस देऊन दोन तासांनी चाचण्या घेतल्या, तर काही फरक पडला नव्हता. जिथे फरक दिसला, तिथे अर्क बहुधा बारा आठवडे रोज घेतलेला होता. म्हणजे खरा परिणाम असलाच, तर तो सावकाश घडणारा असावा: पेशींच्या फांद्या वाढणं, ऑक्सिडेशनची झीज कमी होणं. तेही उंदरांतच जास्त पाहिलेलं. शिवाय बॅकोसाइडचा रेणू मोठा, साखरेच्या साखळ्या लागलेला. तसाच्या तसा मेंदूत शिरणं त्याला कठीणच.

माणसांवरचा 2002 चा प्रयोग नीट बघू. चाळीस ते पासष्ट वयाचे 76 जण, तीन महिने. काहींना अर्क, काहींना तसाच दिसणारा निष्क्रिय डोस. शब्दांच्या जोड्या शिकवल्या आणि नंतर विचारल्या. ब्राह्मी घेणाऱ्यांचं शिकणं जलद झालं नाही, पण शिकलेलं विसरणं कमी झालं. लक्ष देण्याच्या आणि अल्पकालीन स्मृतीच्या चाचण्यांत मात्र फरक नव्हता. आता, दहा चाचण्या लावल्या की एखादी योगायोगानेही जुळते, म्हणून असा एकटा निकाल मी हात राखून घेतो. तरी उशिरा आठवण्याच्या चाचणीत सुधारणा 2008 च्या, पासष्टीपुढच्या 54 जणांच्या अभ्यासातही दिसली. म्हणून मी ती झटकून टाकत नाही. पण हे सगळे अभ्यास लहान आहेत, आणि त्यांतल्या कोणी माणसाच्या मेंदूतलं ॲसिटिलकोलिन मोजलं नव्हतं.

मघाशी एका काकूंनी विचारलं, डोक्याला ब्राह्मी तेल चोळलं तर? हे सारे प्रयोग पोटात घेतलेल्या अर्काचे, तेलाला ते लागू होत नाहीत. अर्काने पोटात मुरडा येणं, मळमळणं, शौचाला वारंवार होणं हे त्रास मात्र नोंदलेले आहेत. आणि घरात कोणी डोनेपेझिल घेत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ब्राह्मीची गोळी सुरू करू नका. दोन्हींचा परिणाम एकत्र आला, तर नाडी मंदावू शकते.